ओस्लो–बर्गन रेल्वे: जाण्याआधी (आणि न जाताही) काय पाहावं?

मुक्ता_कुलकर्णीण
पुढच्या जूनमध्ये मी आणि नवरा नॉर्वेला जातोय. ओस्लोहून रेल्वेने बर्गन, एवढंच पक्कं आहे. सासूबाईंनाही न्यायचं होतं, पण गुडघे ऐकत नाहीत. "तुम्ही जाऊन या, मला टीव्हीवर दाखवा," असं म्हणून त्यांनी विषय मिटवला.
तर आम्हा तिघांना मिळून बघता येईल असं काही सुचवा. यूट्यूबवर बघायला बसलो की ड्रोन, ढणढण संगीत आणि दर चार सेकंदांना नवं दृश्य. सासूबाई म्हणतात, "अगं थांब जरा, ते लाल घर तरी बघू दे." तोवर घर गेलेलं असतं.
शिवाय एका माहितीपटात फिन्सेजवळचा रालारवेगन नावाचा सायकलमार्ग पाहिला आणि नवरा हटून बसलाय की तो करायचाच.

भटका_खादाड
तुम्हाला 'स्लो टीव्ही' हवाय! नॉर्वेच्या सरकारी वाहिनीने, म्हणजे एनआरकेने, २००९ मध्ये ही अख्खी रेल्वे थेट प्रक्षेपित केली होती. सात तास, एकही कट नाही. गाडीच्या नाकावर कॅमेरा लावला आणि सोडून दिला. लाल घर हवं तेवढा वेळ बघा.

रूळवेडा
सल्ला अगदी बरोबर, दोन गोष्टी मात्र दुरुस्त करतो.
बर्गन लाइनचा कार्यक्रम थेट नव्हता. तो आधी चित्रित केला आणि मार्गाला शंभर वर्षं झाली म्हणून २७ नोव्हेंबर २००९ ला दाखवला. थेट होता तो २०११ चा, नॉर्वेच्या किनाऱ्याने जाणाऱ्या हुर्तिगरुटन बोटीचा. आणि कट अजिबात नाहीत असंही नाही. या मार्गावर १८० च्या आसपास बोगदे आहेत. प्रत्येक बोगद्यात काळा पडदा कोण बघणार? म्हणून तिथे रेल्वेच्या इतिहासातल्या जुन्या चित्रफिती घातल्यात. सासूबाईंना आधीच सांगून ठेवा, नाहीतर अचानक कृष्णधवल माणसं बर्फ उपसताना दिसली की चॅनल बदलला असं वाटेल.
शोधताना हे टाका: Bergensbanen minutt for minutt

आता मुक्ताताई, तुमच्यासाठी महत्त्वाचं. तो प्रवास बर्गन ते ओस्लो आहे, तुमचा उलटा. त्यामुळे पडद्यावरची डावी-उजवी तशीच धरून आसन घेतलंत तर फसाल. मी बाजूला नकाशा उघडा ठेवून पाहिलं होतं, स्टेशन आलं की थांबवायचं आणि नकाशावर बोट ठेवायचं. फिन्सेला हार्डांगरयोकुलेन ही हिमनदी रुळाच्या दक्षिणेला आहे. ओस्लोहून पश्चिमेला जाताना दक्षिण म्हणजे डावी बाजू. पुढे व्हॉस ओलांडल्यावर गाडी फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत आत शिरलेल्या समुद्राच्या, काठाने जाते, तिथे पाणी तुमच्या उजवीकडे. म्हणजे "कुठल्या बाजूला बसू?" याला एक उत्तर नाही. मी असतो तर फिन्सेपर्यंत डावीकडे बसलो असतो आणि व्हॉसनंतर दाराशी जाऊन उभा राहिलो असतो.

आणखी एक. फिन्से स्टेशन समुद्रसपाटीपासून १२२२ मीटरवर आहे आणि तिथून पश्चिमेला निघालं की लगेच दहा किलोमीटरचा बोगदा लागतो. तो १९९३ पासून वापरात आहे. त्याआधी गाडी उघड्यावरून, आणखी उंचावरून जायची. म्हणून ऐंशीच्या दशकातल्या एखाद्या माहितीपटात तिथला जो तलाव आणि बर्फ दिसतो, तो आता डब्यातून दिसत नाही. जुना माहितीपट बघून गेलेले लोक तिथे हमखास हिरमुसतात.

मुक्ता_कुलकर्णीण
बाप रे, उलटी दिशा! हे डोक्यातच आलं नव्हतं. आणि सायकलचं?

रूळवेडा
तुम्ही पाहिलेल्या माहितीपटात रस्त्याकडेला बर्फ होता का, की फक्त दगड आणि गवत? गवत असेल तर ते ऑगस्ट-सप्टेंबरचं चित्रण. रालारवेगन हा रेल्वे बांधताना मजुरांनी वापरलेला रस्ता. फिन्सेजवळचा वरचा भाग सहसा जुलैच्या मध्यापर्यंत बर्फाखाली असतो. जूनमध्ये नवरोबांना सायकल खांद्यावर घ्यावी लागेल.
त्यापेक्षा मिर्डालला उतरून फ्लोमची गाडी धरा. वीस किलोमीटरात ८६६ मीटर खाली, थेट फ्योर्डच्या काठावर.

कोकणी_इंजिन
एवढ्या लांब कशाला? आपल्या कोकण रेल्वेवर बसा! रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे, पानवल नदीवरचा पूल साठ मीटरहून उंच. पावसाळ्यात इंजिनातून काढलेले व्हिडिओ बघा, डोळ्यांचं पारणं फिटेल. माझं घर रुळापासून दोनशे मीटरवर आहे, मांडवी एक्स्प्रेस गेली की आमच्याकडे चहा ठेवतात.

मुक्ता_कुलकर्णीण
@कोकणी_इंजिन, प्रश्न नॉर्वेचा होता हो :) पण सासूबाई मूळच्या चिपळूणच्या. तुमचं वाचून दाखवलं, आता त्यांना आधी तेच बघायचंय.

डेकवरचे_काका
मी मर्चंट नेव्हीत होतो. बर्गनला दोनदा बोट लागली होती, शेवटची १९८७ साली. आता कुठे जायचं नाही, बायकोही राहिली नाही. वर ज्या हुर्तिगरुटन कार्यक्रमाचा उल्लेख आहे तो मी तुकड्या-तुकड्यांनी बघतो. बर्गन ते किर्केनेस, १३४ तास, जून २०११. सलग बघायचा वेडेपणा करू नका. मी फक्त बंदरं बघतो. बोट धक्क्याला लागते, दोर फेकतात, कोणीतरी सायकलवरून येऊन हात हलवतो. काठावरची माणसं झेंडे घेऊन उभी आहेत, कारण थेट प्रक्षेपण आहे हे त्यांना ठाऊक आहे. एरवी त्या बंदरात एवढी गर्दी नसते बरं का. आम्ही गेलो तेव्हा धक्क्यावर एक कुत्रा होता.
ट्रोलफ्योर्डचं तोंड मात्र बघाच. दोन्ही बाजूंना उभे कडे आणि मध्ये जेमतेम शंभर मीटर पाणी. तिथे बोट वळवायची म्हणजे काय, हे इंजिनरूममध्ये आयुष्य घालवलेल्या माणसालाही माहीत नसतं. आम्हाला फक्त घंटी ऐकू यायची.

रूळवेडा
काका, कुत्र्याचं लिहिलंत ते फार आवडलं.
गर्दीचा मुद्दा खरा आहे. कॅमेरा आला की गाव बदलतं. शहरांच्या माहितीपटांत तर हे मुरलेलंच आहे. सोव्हिएत दिग्दर्शक व्हर्टोव्हचा १९२९ चा 'मॅन विथ अ मूव्ही कॅमेरा' एकाच शहराचा दिवस वाटतो, प्रत्यक्षात त्यात मॉस्को, कीव, ओडेसा शिवून टाकलेत. तो नकाशा धरून बघायचा नसतोच. स्लो टीव्हीतही हा खेळ आहे. एनआरकेने २०१२ मध्ये ट्रॉन्डहाइम ते बूडो मार्ग दाखवला, तो चारही ऋतूंत चित्रित करून एकमेकांत मिसळलाय. बघता बघता हिवाळ्याचा उन्हाळा होतो. बघायला अप्रतिम, पण "जूनमध्ये कसं दिसेल" याचं उत्तर त्यात शोधू नका.

भटका_खादाड
'थेट'बद्दल चुकलो, मान्य. पण सात तास बसून बघणार कोण? मी पाऊण तासात झोपलो.

मुक्ता_कुलकर्णीण
काल रात्री लावलं. नवरा व्हॉसच्या आधीच घोरायला लागला. सासूबाईंनी मिर्डालपर्यंत बघितलं आणि मटार सोलत विचारलं, "ही गाडी वेगात आहे, की आपल्याला तसं वाटतंय?" कुणाला ठाऊक असेल तर सांगा. आणि मिर्डालला उतरलो तर ओस्लोहून आलेलं सामान फ्लोमपर्यंत सोबतच ओढायचं, की पुढे बर्गनला पाठवायची काही सोय असते?