चर्चासत्राचा अहवाल परत आलाय, नेमकं काय बदलू? (मदत हवी आहे)

अर्धविराम: एमएस्सी संख्याशास्त्र, पहिलं वर्ष. विभागाच्या एकदिवसीय चर्चासत्रात चार व्याख्यानं झाली. प्रत्येकाने पंधराशे शब्दांचा अहवाल द्यायचा होता: व्याख्यानांचा सारांश आणि शेवटी 'मी काय शिकलो'. माझा परत आला. समासात तीन ठिकाणी लाल पेनाने "मुद्दा काय?" आणि शेवटच्या भागाखाली "हे कुठल्याही चर्चासत्राला चालेल". मॅडम सोमवारपर्यंत रजेवर आहेत आणि अहवाल सोमवारीच द्यायचाय. नमुन्यादाखल एक परिच्छेद देतो:

"दुसऱ्या सत्रात मान्यवर वक्त्यांनी सिम्पसनच्या विरोधाभासावर सखोल मार्गदर्शन केले. त्यांनी विविध उदाहरणांद्वारे विषय सोपा करून सांगितला. श्रोत्यांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला."

आणखी एक अडचण आहे. चौथ्या व्याख्यानाला मी अर्ध्यातून उठलो होतो.

गाइडची_सही: आधी अ‍ॅब्स्ट्रॅक्ट, मग प्रमाणपत्राचं पान, त्यावर गाइड आणि विभागप्रमुखांची सही. स्पायरल चालत नाही, हार्ड बाइंडिंगच लागतं. माझा याच्यावरूनच परत आला होता. पीपीटीच्या प्रिंट शेवटी जोडा.

अर्धविराम: तो आपण स्वतः दिलेल्या सेमिनारचा रिपोर्ट झाला. मी फक्त ऐकायला बसलो होतो.

गाइडची_सही: अरे हो, आमच्याकडे दोन्हीला सेमिनार रिपोर्टच म्हणतात. पण प्रमाणपत्राचं विचारून ठेवा.

शाईचा_डाग: अशा अहवालांचे गठ्ठे दरवर्षी तपासतो. तुमच्या परिच्छेदात सिम्पसनऐवजी मधमाशीपालन घातलं तरी एक शब्द बदलावा लागणार नाही. वही उघडा आणि सांगा: वक्त्यांचं एक तरी उदाहरण लिहून घेतलंय का?

अर्धविराम: वहीत एवढंच आहे: "बर्कली १९७३, पु. ४४, स्त्री ३५, विभागवार उलट!!"

शाईचा_डाग: भरपूर झालं. आता बाण जोडा. आकडे कशाचे? पदव्युत्तर प्रवेशांचे: अर्ज केलेल्या पुरुषांपैकी सुमारे ४४ टक्क्यांना प्रवेश मिळाला, स्त्रियांपैकी सुमारे ३५ टक्क्यांना. 'उलट' का? काही विभाग मुळातच कमी जणांना प्रवेश देत होते, आणि स्त्रियांचे अर्ज तिकडे जास्त गेले होते. मग परिच्छेद असा होईल:

"एकत्रित आकडे पाहून घाईने निष्कर्ष काढू नये, हा दुसऱ्या व्याख्यानाचा मुख्य मुद्दा होता. बर्कली विद्यापीठाच्या १९७३ च्या पदव्युत्तर प्रवेशांत स्त्रियांना डावलल्यासारखे दिसत होते. विभागवार मांडणी केल्यावर तो कल दिसेनासा झाला, कारण स्त्रियांचे अर्ज कमी प्रवेश देणाऱ्या विभागांकडे अधिक होते."

आधी दावा, मग पुरावा, मग कारण. 'उलट' हा शब्द वहीतून तसाच उचलू नका. प्रत्येक विभागात उलटं चित्र नव्हतं. अहवालातल्या चुका बहुतेक अशाच येतात, उद्गारचिन्हांतून.

नम्रनिवेदक: चारही व्याख्यानांना सारखी जागा द्या, नाहीतर पक्षपात दिसतो. आणि 'मी' कुठेही येता कामा नये. 'असे निदर्शनास आले' हेच योग्य.

शाईचा_डाग: सारांशात 'मी' नको, हे बरोबर, नाहीतर वक्त्याचं मत कुठे संपलं आणि तुमचं कुठे सुरू झालं ते कळत नाही. पण शेवटच्या भागात 'मी' नसेल तर शिकलं कोण? सारख्या जागेचंही पटत नाही. चारातल्या एकाकडे सांगण्यासारखं कमी असतं, तिथे चार ओळी पुरतात. बाकी अर्धविराम, व्याख्यानानंतर स्वतःचं कुठलं काम पुन्हा काढून बघितलंत का?

अर्धविराम: बघितलं खरं, पण ते लिहायचं असतं हे माहीत नव्हतं. मिनी प्रोजेक्टमध्ये सराव चाचण्या देणारे आणि न देणारे यांच्या सरासरीत ११ गुणांचा फरक काढला होता. परवा वर्षवार वेगळं केलं तर दोन्ही वर्षांत फरक ४ च्या आसपास. चाचण्या देणारे बहुतेक दुसऱ्या वर्षाचे होते, आणि त्यांचे गुण एरवीही जास्तच असतात.

शाईचा_डाग: मग हेच लिहा, दोन्ही आकड्यांसकट. तुमच्याकडे फरक उलटला नाही, नुसता आटला, हेही लिहा. सिम्पसनचं नाव तिथे लावू नका, मॅडम पकडतील.

नम्रनिवेदक: स्वतःच्या जुन्या प्रोजेक्टमधली चूक विभागाला लेखी द्यायची? त्याचे गुण लागले असतील ना?

अर्धविराम: लागलेत. ते माझ्याही डोक्यात होतं, पण लिहितो. चौथ्या व्याख्यानाचं काय करू? मित्राची वही आहे.

नम्रनिवेदक: वहीवरून पूर्ण करा, कोण बघतंय.

शाईचा_डाग: ऐकलं तेवढंच लिहा आणि 'पूर्वार्धापुरता सारांश' असं शीर्षकातच टाका. मित्रानेही अहवाल दिलाय ना? दोन्ही एकाच टेबलावर शेजारी येतात.

गाइडची_सही: आमच्याकडे अर्धी हजेरी म्हणजे गैरहजेरी धरतात हं. आधी विचारा.

अर्धविराम: मॅडम रजेवर आहेत म्हणूनच तर इथे विचारतोय. पहिले दोन परिच्छेद बदलून रात्री टाकतो.