मदत हवी आहे: दुकानातल्या टीव्हीवर स्लाईड शो सहाव्या स्लाईडवर अडकतो

चष्मेवाला_सातारा

नमस्कार मंडळी. आमचं चष्म्याचं दुकान आहे, नंबर तपासायला आलेली माणसं बाकावर दहा-पंधरा मिनिटं बसतात म्हणून समोर 43 इंची टीव्ही लावला, त्याला जुना लॅपटॉप HDMI ने जोडला आणि पॉवरपॉइंटमध्ये 14 स्लाईड केल्या, फ्रेमचे प्रकार, काचेचे भाव, चष्मा कसा पुसायचा त्याचा छोटा व्हिडिओ वगैरे. कोणी माऊसला हात लावायचा नाही, सकाळी सुरू करायचं आणि रात्री बंद, एवढंच पाहिजे.

Set Up Slide Show मध्ये जाऊन Browsed at a kiosk केलं, सगळ्या स्लाईडना 8 सेकंद दिले. पहिल्या पाच झकास जातात, सहाव्यावर ऑफरची स्लाईड आली की ठप्प. क्लिक केलं तरी हलत नाही. आणि गंमत म्हणजे बऱ्याच वेळाने आपोआप पहिल्या स्लाईडवर जातो, म्हणजे 7 ते 14 आजवर कोणी बघितल्याच नाहीत, मी पण नाही. लॅपटॉप जुना आहे म्हणून होतंय का? रॅम वाढवावी का?

पम्या

रॅमचा काही संबंध नाही. सरळ File > Export > Create a Video करा, MP4 पेनड्राईव्हवर टाका, टीव्हीच्या यूएसबीत खुपसा आणि रिपीट लावा. लॅपटॉपची कटकटच संपली.

केतकी_डी

मला वाटतं स्लाईड बदलायला ते छोटं प्रेझेंटर रिमोट मिळतं ना, ते घ्या. काउंटरवरूनच दाबता येईल, मी लेक्चरला तेच वापरते.

चष्मेवाला_सातारा

@केतकी_डी ताई, दाबायलाच तर कोणी नकोय :) मी आत तपासणीत आणि बायको काउंटरवर, दाबणार कोण

निवांत

सहावी स्लाईड नंतर कुठून तरी आणून पेस्ट केलीय का? View मधून Slide Sorter उघडा आणि प्रत्येक लहान चित्राखाली बघा, जिथे वेळ लावलीय तिथे 00:08 असं दिसेल. ज्या स्लाईडखाली काहीच आकडा नाही ती तुमची चोर.

होतं असं की वेळ ही फाईलला नसते, एकेका स्लाईडला असते. तुम्ही Transitions मध्ये After ला 8 सेकंद टाकून Apply To All केलंत ते तेव्हा असलेल्या स्लाईडना लागलं, नंतर आलेली स्लाईड स्वतःची सेटिंग घेऊन येते, आणि तिच्यात बहुतेक फक्त On Mouse Click ची खूण असते. किऑस्क मोडमध्ये क्लिकने पुढे जायची सोयच बंद, म्हणून ती तिथेच बसून राहते. साधारण 5 मिनिटं काही हालचाल झाली नाही की किऑस्क शो पहिल्यापासून सुरू होतो, तेच तुम्हाला दिसतंय. लॅपटॉपची चूक नाही.

चष्मेवाला_सातारा

अहो बरोब्बर! सहावीखाली काहीच नाही, बाकी सगळीकडे 00:08. ती मागच्या दिवाळीच्या फाईलमधून उचलली होती. पण अजून एक, अकराव्यावर व्हिडिओ आहे, आता तिथपर्यंत गेलो तर तो चालतच नाही, नुसतं चित्र दिसतं आणि 8 सेकंदांनी पुढे.

निवांत

त्या व्हिडिओला निवडा, Playback मध्ये Start समोर Automatically करा. आत्ता तो क्लिकची वाट बघतोय आणि क्लिक तर कधी येणारच नाही. मजकुराला ॲनिमेशन दिलं असेल तर तिथेही On Click नको, After Previous करा. आणि ॲनिमेशन एकूण 10 सेकंदांचं नि स्लाईडची वेळ 8 असेल तर पॉवरपॉइंट ॲनिमेशन संपेपर्यंत थांबतो, मधेच तोडत नाही, त्यामुळे तुमचा हिशोब घसरतो. खरं सांगू का, भिंतीवरच्या टीव्हीला ॲनिमेशन ठेवूच नका, माणूस मधेच मान वर करतो तेव्हा अर्धी स्लाईड कोरी दिसते.

आता एक खबरदारी, परत कधी Apply To All दाबलंत तर वेगवेगळ्या दिलेल्या सगळ्या वेळा पुसून सगळीकडे एकच होईल. आधी सगळ्यांना एक, मग एकेकीला वेगळी, हाच क्रम.

पम्या

म्हणून म्हणतो MP4. एकदा केला की टायमिंगचा प्रश्नच नाही. आणि किऑस्कमध्ये पोरांनी कीबोर्ड दाबला तरी बाहेर पडता येत नाही हे मात्र चांगलंय.

निवांत

@पम्या Esc दाबलं की किऑस्क पण बंद होतो भाऊ. कीबोर्ड काउंटरखाली ठेवणं हाच उपाय. MP4 ची गोष्ट निम्मी खरी. मराठी फॉन्टची भानगड मिटते, दुसऱ्या मशीनवर चौकोन दिसत नाहीत, हे मान्य. पण ज्या स्लाईडला वेळ दिलेली नाही तिला एक्सपोर्ट करताना Seconds spent on each slide मधला आकडा लागतो, तो मुळात 5 असतो, म्हणजे ऑफरची स्लाईड पाच सेकंदात पळाली असती आणि चूक कळलीही नसती. शिवाय काचेचा भाव बदलला की परत एक्सपोर्ट, परत पेनड्राईव्ह.

सोसायटीवाला

आमच्या बिल्डिंगच्या लॉबीत आम्ही गूगल स्लाईड्स वापरतो, Publish to web करून लिंक टीव्हीच्या ब्राउझरमध्ये उघडी. लिंकच्या शेवटी असं असतं:

```
pub?start=true&loop=true&delayms=10000
```

म्हणजे 10 सेकंद. सेक्रेटरी घरून पाणी बंदची नोटीस बदलतात आणि खाली आपोआप बदलते, थोड्या वेळाने. पण सगळ्या स्लाईडना एकच वेळ, आणि वायफाय गेलं की बोंब. पाण्याच्या नोटिशीला जास्त वेळ द्यायचा होता, शेवटी तीच स्लाईड दोनदा टाकली.

चष्मेवाला_सातारा

आमच्याकडे वायफाय रोज दुपारी रुसतं, लॅपटॉपच बरा. वेळ किती ठेवू मग? आमची बरीच गिऱ्हाईकं बिनचष्म्याची बसलेली असतात, काहींच्या डोळ्यात औषध घातलेलं असतं, त्यांना भाव वाचता येत नाही अशी तक्रार :(

निवांत

हे तर आधी सांगायला हवं होतं! घड्याळ घ्या, स्लाईड मोठ्याने संथ वाचा, जितके सेकंद लागतील त्यात 3 मिळवा. नुसता फोटो असेल तर 5-6 पुरेत, भावाच्या तीन ओळी असतील तर 12-14 लागतील. 20 च्या पुढे जायला लागलं तर स्लाईड दोनात फोडा.

अक्षरं टेपने मोजा, थेट टीव्हीवर. 43 इंची पडदा साधारण 21 इंच उंच असतो आणि 16:9 ची स्लाईड साडेसात इंच, म्हणजे सगळं पावणेतीन पटीच्या थोडं वर मोठं दिसतं. 28 पॉइंटला शिरोरेषेखालचं अंग जेमतेम दीड सेंटिमीटर भरेल. बाक 10 फुटांवर असेल तर भाव निदान 48 पॉइंटला न्या, मग अडीचच्या आसपास जाईल. औषध घातलेल्यांना तेही दिसायचं नाही, त्यांच्यासाठी स्लाईड करूच नका.

आणि तुमच्या ऑफरच्या स्लाईडवर काय लिहिलंय ते टाका बघू.

चष्मेवाला_सातारा

"वरील सर्व फ्रेमवर 20% सूट."

निवांत

"वरील" म्हणजे पाचवी स्लाईड. ती बघायला माणूस होता कुठे, तो आत्ता आला. प्रत्येक स्लाईड एकटी उभी राहिली पाहिजे, फ्रेमचा फोटो नि सूट एकाच पानावर घ्या.

चष्मेवाला_सातारा

केलं. 14 च्या 9 झाल्या, पूर्ण फेरी 1 मिनिट 50 सेकंद, बायकोने घड्याळ लावून बघितलं. फाईल .ppsx म्हणून सेव्ह केली, डबल क्लिक केलं की थेट शो. Win+R मध्ये shell:startup टाकून त्या फोल्डरमध्ये शॉर्टकट ठेवलाय, सकाळी लॅपटॉप चालू केला की आपोआप सुरू.

एकच राहिलं, दुपारी दोनच्या सुमारास टीव्ही स्वतःच बंद पडतो, लॅपटॉपवर शो चालूच असतो. लॅपटॉपचं स्लीप Never केलंय.

सोसायटीवाला

दुकान दहाला उघडता का? मग 4 तास झाले. टीव्हीच्या मेनूत ऑटो पॉवर ऑफ असं काहीतरी शोधा, रिमोटला हात लागला नाही तर बंद होतो. आमच्यात ते बंद करता आलं, तुमच्यात असेलच असं नाही.

चष्मेवाला_सातारा

मेनू सगळा पालथा घातला, स्लीप टायमर सापडला, तो बंदच आहे. उद्या मॉडेल नंबर टाकतो.