तपकिरी, गावरान की पांढरी? ग्रुपवरची अंड्यांची चर्चा

कुंदाकाकू: मुलांसाठी अंडी सुरू करायची आहेत. तपकिरी घेऊ की गावरान? पांढऱ्यात काही कस नसतो म्हणतात. माधवी, शिरीष, तुम्ही दोघं सांगा.

डॉ. शिरीष (पशुवैद्य): काकू, आधी तपकिरी आणि गावरान वेगळे करू. टरफलाचा रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो. व्हाइट लेगहॉर्न पांढरी अंडी देते, ऱ्होड आयलंड रेड तपकिरी. अंड्यावर टरफल चढायला साधारण वीस तास लागतात आणि तपकिरी रंग त्यातल्या शेवटच्या काही तासांत बाहेरून बसतो. फोडलेल्या टरफलाची आतली बाजू बघा, फिकी असते. आतल्या बलकाशी त्या रंगाचा काही संबंध नाही.

नीलेश: मग तपकिरी महाग का?

डॉ. शिरीष: तपकिरी अंडी देणाऱ्या जाती बहुधा वजनाला जड असतात आणि खाद्य जास्त खातात. तो खर्च अंड्यावर येतो. दुकानातली बरीचशी तपकिरी अंडी पांढऱ्यांसारखीच पिंजऱ्यातल्या कोंबड्यांची, त्याच तऱ्हेच्या खाद्यावरची असतात.

माधवी (आहारतज्ज्ञ): गावरानची तुलना नगावर करू नका, वजनावर करा. फार्मचं पांढरं अंडं ५५ ग्रॅमचं धरा. दहा-अकरा टक्के टरफल गेलं की खाण्याजोगं ४९ ग्रॅम उरतं. अंड्यात शंभर ग्रॅमला साडेबारा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, म्हणजे इथे सुमारे ६ ग्रॅम. गावरान अंडं ३८ ग्रॅमचं असेल तर खाण्याजोगं ३४ ग्रॅम आणि प्रथिनं सव्वाचार ग्रॅमच्या जवळपास. दोन पांढऱ्या अंड्यांएवढी प्रथिनं हवी असतील तर गावरान जवळजवळ तीन लागतील. स्वयंपाकघरातल्या काट्यावर अंडं ठेवून बघा, फरक लगेच कळतो.

कुंदाकाकू: पण गावरानचा बलक किती गर्द केशरी असतो! त्यात जास्त सत्त्व नाही का?

माधवी: तो रंग खाद्यातून येतो, काकू. हिरवा पाला आणि पिवळा मका यांतले ल्युटिन, झिअ‍ॅझँथिनसारखे रंगद्रव्य घटक बलकात उतरतात. डोळ्यांच्या पडद्यासाठी ते उपयोगी आहेत, पण शरीरात त्यांचं जीवनसत्त्व ‘अ’ होत नाही. बलकातलं जीवनसत्त्व ‘अ’ जवळजवळ रंगहीनच असतं, त्यामुळे फिक्या बलकातही ते भरपूर असू शकतं. शिवाय खाद्यात झेंडूचा किंवा लाल मिरचीचा अर्क घातला की फार्मच्या अंड्यालाही तसाच केशरी बलक येतो. रंगावरून सत्त्व ठरवू नका.

नीलेश: म्हणजे गावरानला काहीच अर्थ नाही?

माधवी: असं मुळीच नाही. अंड्याच्या वजनाच्या मानाने गावरानमध्ये बलकाचा वाटा सहसा थोडा जास्त असतो, म्हणून चव दाट लागते. कोंबडी उन्हात फिरत असेल तर बलकात जीवनसत्त्व ‘ड’ वाढतं, पाला आणि किडे खाल्ले तर जीवनसत्त्व ‘ई’ आणि ओमेगा-३ वाढू शकतं. पण हे सगळं तिच्या दिनक्रमावर अवलंबून आहे. अंगणात नुसत्या तांदळाच्या कण्यांवर आणि उष्ट्यावर वाढलेल्या कोंबडीचं अंडं या बाबतीत फार्मच्या संतुलित खाद्यावरच्या अंड्यापेक्षा मागे पडू शकतं. जवस घातलेल्या खाद्यावरच्या कोंबडीची पांढरी अंडी ओमेगा-३ मध्ये गावरानच्या पुढे जातात.

डॉ. शिरीष: म्हणून विकणाऱ्याला ‘गावरान आहे का’ एवढंच विचारू नका. कोंबड्या दिवसा मोकळ्या असतात का, खाद्य काय देता, अंडी कधी गोळा केली, हे विचारा. शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा. आडोशाला घातलेली अंडी उशिरा सापडतात, काहींवर कोंबडी बसलेलीही असते. अंधारात अंड्यामागे मोबाइलचा टॉर्च धरा. लाल शिरांचं जाळं किंवा काळपट गोळा दिसला तर ते खाऊ नका. रुंद टोकाकडची हवेची पोकळी मोठी असेल तर अंडं जुनं.

नीलेश: चहाच्या पाण्यात रंगवलेली पांढरी अंडीही गावरान म्हणून विकतात ना? व्हिनेगर लावून तपासायचं असा मेसेज आला होता.

डॉ. शिरीष: ती तपासणी चुकीची आहे. खरा तपकिरी रंग टरफलाच्या बाहेरच्या थरात असतो. व्हिनेगरने तो थरच विरघळतो, म्हणून अस्सल अंड्याचाही रंग निघतो. कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने चोळा. अस्सल रंग पाण्याने जात नाही. कापूस तपकिरी झाला, किंवा बारीक भेगा आणि छिद्रांपाशी गडद रेषा, ठिपके साचलेले दिसले, तर रंगवलेलं समजा. आकारावरही भिस्त नको. फार्मवरच्या नुकत्याच अंड्यावर आलेल्या तलंगांची अंडीही लहानच असतात.

कुंदाकाकू: मग मुलांना कच्चं किंवा अर्धं उकडलेलं गावरान दिलं तर जास्त ताकद मिळते का?

माधवी: नाही काकू. कच्च्या अंड्यातली प्रथिनं शरीराला कमी लागू पडतात, शिजवलेल्यातली जास्त. पोट बिघडवणाऱ्या साल्मोनेला जंतूंचा धोका गावरानलाही आहेच. उकळत्या पाण्यात अंडं नऊ-दहा मिनिटं ठेवा, बलक पूर्ण घट्ट झाला पाहिजे. लहान गावरानला एखाद-दोन मिनिटं कमी पुरतील. प्रथिनांसाठी देणार असाल तर ताजी पांढरी अंडी पुरेशी आहेत.

कुंदाकाकू: बरं. मग रोजची पांढरीच आणते. गावरानवाल्याला खाद्याचं विचारते आणि इथे कळवते.