मदत हवी आहे: आयडीएस ९९ टक्के अचूक, मग शंभरातले ९९ अलर्ट खोटे कसे?

रात्रपाळी: एका सहकारी बँकेचं नेटवर्क बघतो, आम्ही दोघंच आहोत. दोन महिन्यांपूर्वी नेटवर्कमधली घुसखोरी हुडकणारं, सुरिकाटावर चालणारं आयडीएसचं खोकं बसवलं. चाचणीत १०० पैकी ९९ हल्ले पकडले, मी शेजारी बसून मोजलेत. आता रोज दोन हजारांच्या आसपास अलर्ट येतात. काल चहा गार होईपर्यंत ओळीने शंभर उघडले, एक खरा निघाला. विक्रेता म्हणतो मशीन ठीक आहे, साहेब म्हणतात परत करा. कोणाचं खरं?

मिरजकर: आमच्या गोडाऊनच्या सीसीटीव्हीचं हेच! मांजर गेलं तरी मोबाईल वाजतो. सेन्सिटिव्हिटी कमी केली, झोप लागली.

जुना_पहारेकरी: रात्रपाळी, दिवसाला कनेक्शन किती होतात? आणि निर्धोक कनेक्शनवर ते किती वेळा ओरडतं, हे चाचणीत पाहिलंत का?

रात्रपाळी: कनेक्शन दोन लाखांच्या घरात. दुसरं विचारलं तर म्हणाले, "तेही ९९ टक्के, शंभरात एखादं चुकतं."

जुना_पहारेकरी: मग उत्तर तुमच्याच आकड्यांत आहे. समजा दोन लाखांत खरोखर वाईट अशी २० कनेक्शन आहेत. खोकं त्यातली जवळजवळ सगळी पकडेल. पण उरलेली १,९९,९८० निर्धोक आहेत आणि शंभरात एक चुकतं, म्हणजे दोन हजार खोटे अलर्ट. दोन हजार वीसमध्ये वीस खरे. काल शंभरात एक मिळाला ना? मशीन बिघडलेलं नाही, विक्रेताही खोटं बोलला नाही. "हल्ला असेल तर अलर्ट येईल का" याचं उत्तर त्याने दिलं. तुम्हाला हवं होतं "अलर्ट आला तर हल्ला असेल का" याचं. हल्ले इतके विरळ असले की ही दोन उत्तरं एकमेकांच्या जवळपासही येत नाहीत.

चाचणीत तुम्ही हल्लेच हल्ले सोडलेत, म्हणून हे दिसलं नाही. संशोधक स्टेफान अॅक्सेलसनने १९९९ मध्ये हाच हिशेब मांडला होता: दिवसाला दहा लाख नोंदी, त्यात घुसखोरीच्या २०. सगळ्या पकडल्या आणि लाखात एकदाच चूक केली, तरी तीन अलर्टमागे एक खोटा.

शेवंता: म्हणजे ९९ चं ९९.९ केलं की झालं!

जुना_पहारेकरी: कुठलं ९९? पकडण्याचं शंभर टक्के केलंत तरी हाती फरक पडत नाही, वीसच्या जागी वीसच. खोट्या अलर्टचं प्रमाण हजारात एकवर आणलंत तर दोनशे खोटे, वीस खरे. दहा हजारात एकवर आणलंत तर निम्मे-निम्मे. सगळा खेळ त्या बाजूला आहे.

मिरजकर: मग मी काय वेगळं म्हणालो? आवाज कमी करा.

जुना_पहारेकरी: अर्धं बरोबर. पण तुमच्या गोडाऊनमध्ये झोप लागली तेव्हा मांजरच सुटलं की चोरही, हे कसं कळणार? कडक केल्यावर समजा वीसपैकी चौदाच सापडले आणि खोटेही वीसच राहिले. चौतीस अलर्ट दोघं जण नीट वाचतील. सहा निसटले ते चालेल का, हे साहेबांनी ठरवायचं.

रात्रपाळी, त्याआधी कोणता नियम किती ओरडतो ते बघा:

```
jq -r 'select(.event_type=="alert") | .alert.signature' eve.json | sort | uniq -c | sort -rn | head
```

रात्रपाळी: सर, पाहिलं. कालच्या २,०४० पैकी १,६०० तीनच नियमांचे! सर्वात मोठा आमच्याच नेटवर्क तपासणाऱ्या स्कॅनरवर ओरडतोय, दुसरा रात्रीच्या बॅकअपवर. लाज वाटली. तिन्ही नियम बंदच करू?

जुना_पहारेकरी: नियम बंद नका करू. त्या एका आयपीपुरता दाबा, `suppress` मध्ये `track by_src` देऊन. नाहीतर उद्या दुसऱ्याच कोणी स्कॅन केलं तर कळणार नाही. आणि स्कॅनरच घुसखोराच्या हाती गेला तर तेही दिसणार नाही, ही जोखीम लिहून ठेवा.

दुसरं, हल्ले विरळ नसतील अशी जागा निवडा. डेटाबेस सर्व्हर स्वतःहून बाहेर किती कनेक्शन करतो? समजा तीनशे, आणि त्यात वाईट तीन. तेच खोकं, तोच शंभरात एक, पण आता तीन खोट्यांमागे तीन खरे. ती रांग आधी वाचा.

शेवंता: पण ते वीस आले कुठून? जे पकडलेच नाहीत ते मोजणार कसे?

जुना_पहारेकरी: मुद्दा खरा आहे. वीस मी धरलेत. पाच असतील तर चित्र आणखी वाईट. शिवाय एकाच घुसखोराची पंधरा कनेक्शन असतील तर हल्ले मोजायचे की कनेक्शन, यावर आमच्याकडेही दर बैठकीत वाद होतो.

रात्रपाळी: स्कॅनर आणि बॅकअप दाबले. आज ६१० आले. तिसरा नियम प्रिंटरवर का ओरडतोय ते अजून सापडलेलं नाही. कोणी पाहिलंय का असं?