गोळी आधी दिसते, आवाज मागून येतो: साउंडबार नेमका कुठे जोडायचा?

सातवा मजला: प्लेस्टेशन ५ टीव्हीला जोडलाय आणि टीव्हीच्या एआरसी पोर्टमधून, म्हणजे टीव्हीचा आवाज बाहेर नेणाऱ्या एचडीएमआयमधून, ५.१चा साउंडबार. चित्रपट ठीक चालतात, पण गेममध्ये बंदूक आधी चालते नि आवाज मागून येतो. मित्र म्हणतो ऑप्टिकल वापर. तुमचं मत काय?

तांबडी माती: मित्र बरोबर बोलतोय. ऑप्टिकलची वायर फक्त आवाज नेते, चित्राशी तिचा संबंध नाही, म्हणून उशीर होत नाही. माझ्या जुन्या प्लेस्टेशन ४ ला मागे ऑप्टिकल होतं. सरळ साउंडबारला लावलं होतं, कधी त्रास झाला नाही.

वायरवाला: दादा, तुमचा अनुभव खरा आहे, पण त्याचं कारण वेगळं. तुमचा आवाज टीव्हीत शिरतच नव्हता. प्लेस्टेशन ५ ला ऑप्टिकल नाहीच, त्यामुळे यांना ते टीव्हीच्या मागून काढावं लागेल. म्हणजे आवाज आधी टीव्हीत जाणार, मग बाहेर येणार. एआरसीतही तेच होतं. वर टीव्हीच्या रिमोटने साउंडबारचा आवाज कमी-जास्त करायची सोय जाईल, ते वेगळंच.

उशिराचं मूळ बहुतेक आवाजाच्या प्रकारात आहे. कन्सोल `Dolby Digital` पाठवत असेल, तर गेमचा आवाज आयत्या वेळी दाबून त्याच्या पुड्या बांधतो. एका पुडीत १५३६ नमुने असतात, सेकंदाला ४८ हजार या वेगाने ती भरायलाच ३२ मिलिसेकंद लागतात. साउंडबारला ती सोडवायला आणखी वेळ. चित्रपटाचा आवाज आधीच बांधलेला असतो आणि ॲप चित्र त्याच्या जोडीने चालवतं, म्हणून तिथे जाणवत नाही. गेममध्ये तुम्ही बटण दाबेपर्यंत तो आवाज जन्मालाच आलेला नसतो.

आजीचा नातू: आमच्या सेट टॉप बॉक्सलाही हाच त्रास होता. बातम्या देणाऱ्याचे ओठ नंतर हलायचे. साउंडबारमध्ये लिप सिंक ८० केलं आणि जुळलं. तुम्हीही तेवढंच करा.

वायरवाला: नातूभाऊ, तुमचं दुखणं उलटं. तुमच्याकडे आवाज पुढे होता, चित्र मागे. ती सेटिंग आवाज थांबवते, त्याला पुढे ढकलू शकत नाही. यांनी ८० केलं तर गोळीचा आवाज आणखी मागे पडेल. यांनी ती शून्यावर ठेवायची.

सातवा मजला: ती आधीच शून्यावर आहे. टीव्हीचा गेम मोड लावल्यापासून जास्त जाणवतंय, असं का?

वायरवाला: गेम मोड चित्रावरची प्रक्रिया कमी करतो, म्हणून चित्र लवकर दिसतं. आधी चित्रही रेंगाळत होतं, त्यात आवाजाचा उशीर झाकला जायचा. गेम मोड बंद करू नका, नाहीतर बटणाचा प्रतिसादच मंदावेल.

एक चाचणी घ्या. साउंडबार बंद करून टीव्हीच्या स्वतःच्या स्पीकरवर खेळा. जुळलं, तर दोष टीव्हीपासून साउंडबारपर्यंतच्या वाटेत आहे. मग कन्सोलच्या `Sound` मध्ये `Audio Format (Priority)` ला `Linear PCM`, म्हणजे न दाबलेला आवाज, करा, साउंडबार चालू करून तीच बंदूक पुन्हा चालवा.

सातवा मजला: केलं. टीव्हीच्या स्पीकरवर अगदी जुळतंय. `Linear PCM` वर साउंडबारचाही उशीर जवळजवळ गेला. पण मागचे दोन स्पीकर मुके झाले.

तांबडी माती: मग काय मिळवलं? ५.१ चे पैसे देऊन दोनच स्पीकर ऐकायचे? मागून येणारी पावलं कळणं ३० मिलिसेकंदांपेक्षा महत्त्वाचं आहे. मी तरी डॉल्बीच ठेवीन.

वायरवाला: गोष्टीवर चालणाऱ्या गेमसाठी मीही तेच करीन. पण समोरासमोरच्या लढाईत मला उशीर नको. साध्या एआरसीतून न दाबलेला आवाज दोनच चॅनेलचा जातो, आणि ऑप्टिकललाही तीच मर्यादा आहे. दोन्ही हवं असेल तर टीव्ही नि साउंडबार दोघांनाही ई-एआरसी, म्हणजे एआरसीची पुढची आवृत्ती, लागते. तिथे न दाबलेला ७.१ सुद्धा मावतो.

दुसरा मार्ग म्हणजे साउंडबारला एचडीएमआय इनपुट असेल, तर कन्सोल आधी साउंडबारला आणि तिथून टीव्हीला. आवाजाला टीव्हीचा वळसाच नको.

सातवा मजला: इनपुट आहे! पण पुस्तिकेत ४के, ६० हर्ट्‌झ एवढंच लिहिलंय. माझा टीव्ही १२० चा आहे.

वायरवाला: मग १२० ला मुकाल, व्हीआरआर, म्हणजे गेमच्या वेगाप्रमाणे पडद्याचा वेग बदलायची सोय, तीही बहुधा जाईल. तुमचे किती गेम १२० वर चालतात ते आधी बघा.

तांबडी माती: आणि ते दोन-तीनच निघाले तर साउंडबारलाच लावा. निदान मागचे स्पीकर बोलू लागतील.

सातवा मजला: एकच गेम आहे. पण रोज तोच खेळतो.