मदत हवी आहे: ६ मीटर गाळ्याच्या वर्कशॉप शेडचा ट्रस, मापं आणि कोन जुळत नाहीत, तळाची पट्टी पुरेल का?

खाडीकाठ
नमस्कार मंडळी. देवगडच्या बाजूला खाडीलगत होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचं वर्कशॉप बांधतोय. चिऱ्याच्या नऊ इंची भिंती ३ मीटरपर्यंत झाल्या आहेत, वर २३० बाय २३० मिमीचा काँक्रीटचा बेल्ट आहे. भिंतीच्या मध्यापासून मध्यापर्यंत ६ मीटर, लांबी १२ मीटर. दर ३ मीटरला एक ट्रस, म्हणजे एकूण पाच. पुढच्या भिंतीत ३.६ मीटर रुंद, अडीच मीटर उंच शटर येणार. छप्पर अर्ध्या मिमीच्या रंगीत पत्र्याचं.

फॅब्रिकेटरने हाताने काढून दिलेलं ड्रॉइंग असं आहे: तळाच्या टायचे १-१ मीटरचे सहा भाग. त्यावर उभे मेंबर ०.५, १ आणि १.५ मीटर (मधला), पलीकडे तसेच. तिरके मेंबर राफ्टरवरच्या सांध्यातून खाली आतल्या बाजूला येतात. राफ्टर ३.३५ मीटर, ५० बाय ५० बाय ३ चा बॉक्स. तळाला ५० बाय ६ ची पट्टी. कोपऱ्यात कोन लिहिलाय ३० अंश.

माझ्या कॅल्क्युलेटरवर हा कोन काही येत नाही. उंची १.५ धरू की कोन ३० धरू? आणि ती पट्टी बघून मन धजत नाही. इतक्या मोठ्या छपराखाली एवढीच?

चिपळूण वेल्डिंग
कोन चुकलाय, मापं बरोबर आहेत. अर्धा गाळा ३ मीटर आणि उंची १.५, म्हणजे दोनाला एक असा उतार, तो २६.५७ अंश येतो. राफ्टर ३.३५४. ३० अंशच हवे असतील तर उंची १.७३ आणि राफ्टर ३.४६ करावा लागेल. पण मग सगळे उभे-तिरके बदलतील. पत्र्याला २६ अंश भरपूर झाले, पाणी थांबत नाही. १.५ ठेवा.

तिरक्यांची मापं ड्रॉइंगवर बघून घ्या: बाहेरचा १.११८, आतला १.४१४. ही सगळी मापं मध्यरेषेची आहेत, कापायची नव्हेत. जमिनीवर खडूने अख्खा ट्रस पूर्ण मापात आखायचा, मध्यरेषा एका बिंदूत मिळतात का बघायचं आणि मग पाइप ठेवून कापाची खूण करायची. राफ्टरला बाहेर ६०० मिमी पागोळी सोडणार असाल तर तिरप्यात ६७० वाढवा. म्हणजे एकूण ४.०२५, सहा मीटरच्या पाइपातून एक राफ्टर निघतो आणि उरलेल्यात मधला उभा बसतो.

पट्टीची काळजी नको. टायवर फक्त ताण येतो. ३०० चौरस मिमीची पट्टी साडेसात टनांपर्यंत ताण घेते, तुमच्या छपराचं सगळं वजन दीड टनसुद्धा नाही. पर्लिन मात्र सांध्यावरच बसवा, मध्ये बसवली की राफ्टर वाकतो.

गुहागरकर
आमच्या घराला सागवानी कैच्या आणि मंगलोरी कौलं आहेत. एका कैचीचा तळाचा वासा वाळवीने खाल्लाय. तिथे लोखंडी पट्टी लावली तर चालेल का?

रत्नागिरी सिव्हिल
गुहागरकर, तुमचा प्रश्न वेगळा आहे. कौलं पट्ट्यांसकट चौरस मीटरला ६५ किलोच्या आसपास भरतात, त्यामुळे वारा छपराला वर ओढतो तेव्हा तेच वजन बरंचसं धरून ठेवतं. वेगळा धागा काढा, कैचीचा फोटो टाका.

खाडीकाठ, पत्र्याच्या बाबतीत नेमकं उलटं असतं. तुमचा पत्रा, पर्लिन आणि ट्रस मिळून चौरस मीटरला फार तर १८ किलो. तेवढं वजन वाऱ्यापुढे काहीच नाही.

चिपळूणकरांचे कोन आणि मापं बरोबर आहेत. ताणाचा हिशोबही बरोबर, पण तो छपरावर माणूस चढलेला आणि वारा नसलेल्या दिवसाचा. त्या दिवशी वजन ०.१८ आणि चढणाऱ्या माणसांचा भार ०.४२ (या उताराला आयएस ८७५ मधून येतो), मिळून ०.६ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर. एका ट्रसवर १८ चौरस मीटर येतात, म्हणजे १०.८ किलोन्यूटन. आधारावर प्रत्येकी ५.४, त्यातला ०.९ थेट आधारावरच पडतो. उरलेल्या ४.५ ला कोनाच्या साइनने भागा: राफ्टरमध्ये १०.१ किलोन्यूटन दाब. टॅनने भागा: टायमध्ये ९ किलोन्यूटन ताण. पट्टीला हे काहीच नाही.

आता पावसाळ्याआधीच्या वादळाचा दिवस घ्या. किनाऱ्यावर मूळ वेग ३९ मीटर प्रति सेकंद धरतात (मुंबईला ४४). उघड्या किनाऱ्याचा गुणक १.०५ लावला की ४१. त्याचा वर्ग गुणिले ०.६, म्हणजे सुमारे १ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर. वारा कण्याच्या दिशेने वाहिला की अशा छपराला वरून ०.७ पट ओढ बसते. तुमचं शटर उघडं राहिलं किंवा फुटलं तर आतून ०.५ पट दाब वर ढकलतो. एकूण १.२. छपराचं वजन इथे कमीत कमी धरायचं, ०.१५. उरतो १.०५ किलोन्यूटनचा वरचा ओढा, खालच्या भाराच्या पावणेदोन पट. पागोळी यात धरलेली नाही, तिथे वरून ओढ आणि खालून ढकल दोन्ही येतात.

वारा राफ्टरला काटकोनात लागतो हे धरून सांधा सोडवला. टायच्या पहिल्या दोन भागांत १४.९ किलोन्यूटन आणि मधल्या भागात १०.८ येतात. हा ताण नाही, दाब आहे. राफ्टरमध्ये उलट ताण येतो.

सहा मिमी जाडीची पट्टी एक मीटर लांबीत दाबात १.८ किलोन्यूटनला बाकते. येणार आहेत १५. टाय बाकला की ट्रस उरतच नाही. तुमच्या मनात आलेली शंका रास्त आहे, ती पट्टी बदला.

चिपळूण वेल्डिंग
बरीच वर्षं शेड उभारतोय, पट्टीच्या टायचे ट्रस माझे अजून उभे आहेत. शटर बंद ठेवलं की आतला दाब येणारच नाही.

रत्नागिरी सिव्हिल
उभे असतील, कारण त्यांच्यावर तो वारा आला नसेल किंवा आधी पत्राच गेला असेल. शटर बंद असतानाही वरचं ०.७ राहतंच. त्यातून वजन वजा केलं तरी चौरस मीटरला ०.५५, म्हणजे टायमध्ये सुमारे ८ किलोन्यूटन दाब. पट्टी तेव्हाही पुरत नाही. आणि ३ जून २०२० ला निसर्ग वादळात श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडे छपरं कशी गेली ते सगळ्यांनी बघितलंय. तुमचं पर्लिन सांध्यावर बसवायचं म्हणणं मात्र सोळा आणे खरं, तिथे पुष्कळ जण चुकतात.

मालवणचो
आमच्याकडे तौक्ते इला तेव्हा शेजाऱ्याचे पत्रे गेले, ट्रस तसोच रवलो. हुकाचे वायसर कुजलेले होते. खारो वारो आसा हय, आधी स्क्रू बघा.

खाडीकाठ
सगळ्यांचे आभार. फॅब्रिकेटरशी बोललो, तो टायलाही राफ्टरचाच ५० बाय ५० बाय ३ चा बॉक्स वापरायला तयार आहे. मग काम झालं का? आणि कोन तपासायची सोपी पद्धत आहे का? खडूने आखलं तरी सांधे बरोबर आलेत हे मला कळणार कसं?

रत्नागिरी सिव्हिल
अर्धं झालं. हा बॉक्स ट्रसच्या पातळीत दर मीटरला उभ्या-तिरक्यांनी धरलेला आहे, तिथे प्रश्न नाही. पण आडवा, म्हणजे शेडच्या लांबीच्या दिशेने, त्याला सहा मीटरमध्ये कोणीच धरलेलं नाही. सहा मीटरला हा बॉक्स ११.४ किलोन्यूटनला बाकतो. येणारे १५. म्हणजे तरीही नापास.

पाचही ट्रसचे तळाचे मधले सांधे एका लांब रनरने जोडा आणि शेवटच्या गाळ्यात तो रनर भिंतीच्या बेल्टला तिरक्या मेंबरने बांधा. नुसता रनर लावला आणि टोकाला बांधला नाही तर पाचही टाय मिळून एकाच बाजूला बाकतील. नीट बांधला की लांबी ३ मीटर होते आणि तोच बॉक्स जवळपास ४५ किलोन्यूटन घेतो. दीडपट सुरक्षा धरून २२ लागतात, भरपूर झाले.

कोनांसाठी एक सांधा घ्या: राफ्टरवरचा, टोकापासून आडवे २ मीटर, जिथे उभा १ मीटरचा आहे. खालचा राफ्टर आणि उभा यांच्यात ६३.४३ अंश, उभा आणि तिरका यांच्यात ४५, तिरका आणि वरचा राफ्टर यांच्यात ७१.५७. तिघांची बेरीज १८० आलीच पाहिजे, कारण राफ्टर सरळ आहे. बेरीज चुकली तर कोन मोजताना चूक झालीय किंवा राफ्टर सरळ नाही; बेरीज जुळूनही एखादा कोन वेगळा आला तर मेंबरचं माप चुकलंय. मोजमापाला फिरता गुण्या आणि कण्याचा कोन १२६.८७ एवढं पुरे. बॉक्सची दोन्ही टोकं वेल्डने बंद करा, नाहीतर खारी हवा आतून खाते.

खाडीकाठ
कळलं, रनर घालतो. एकच उरलं. प्रत्येक टोकाला किती ओढ येणार? बेल्टमध्ये १६ मिमीचे दोन बोल्ट सोडलेले आहेत.

रत्नागिरी सिव्हिल
१.०५ गुणिले १८ चे अर्धे, म्हणजे प्रत्येक टोकाला साडेनऊ किलोन्यूटन, पागोळी सोडून. बोल्ट तुटणार नाहीत. पण बोल्ट ज्याला धरलाय त्या बेल्टचं तीन मीटरचं वजन ४ किलोन्यूटनसुद्धा भरत नाही. ट्रसबरोबर बेल्टच उचलला जाईल. चिऱ्याच्या सांध्यातला मसाला ताण घेतो असं मी धरत नाही.

चिपळूण वेल्डिंग
बेल्टमधून खाली चिऱ्यात भोक पाडून १२ मिमीची सळी केमिकलने बसवायची. एक मीटर खाली गेली की भिंतीचं वजन मिळतं.

रत्नागिरी सिव्हिल
वजनाचा विचार बरोबर आहे. चिऱ्यातल्या पकडीबद्दल मला शंका आहे, चिरा मऊ निघाला तर सळी सुटेल. माझा कल प्रत्येक ट्रसखाली भिंतीला लागून पायापासून काँक्रीटचा खांब घेण्याकडे आहे, पण भिंती झाल्यात, त्यामुळे खर्च वाढेल. खाडीकाठ, बेल्टच्या सळ्या आणि कोपऱ्यांचे फोटो टाका, आणि पाया किती खोल गेलाय तेही लिहा.

खाडीकाठ
पाया अडीच फूट, खाली कातळ लागला. फोटो उद्या टाकतो.