मदत हवी आहे : चार चरणांचा माग कथेत कसा लावू?

एक लघुकथा लिहितेय. आठवीतल्या मुलीला आजीच्या पोथीत घडी घातलेला कागद सापडतो. त्यावर पेन्सिलीने, आजीच्याच अक्षरात :

दिव्याच्या उजेडी । वाचिते मी पोथी ।
साक्षीला गं होती । माय माझी ॥

(ओळी माझ्याच आहेत.)

मुलगी बोटांवर अक्षरं मोजते : सहा, सहा, सहा, चार. दुसऱ्या-तिसऱ्या चरणात यमक. म्हणजे मोठा अभंग. ती वाचनालयातल्या गाथांची अकारादी सूची चाळते, पण काहीच सापडत नाही. ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’ अशी नाममुद्रा नाही, म्हणून हे आजीनेच रचलं असं ती धरून चालते.

इथेच तिची चूक होते आणि मला ती फार आवडते. नाममुद्रा बहुधा शेवटच्या कडव्यात येते आणि सूची पहिल्या चरणावरून लावलेली असते. आजीने मधलंच कडवं उतरवलं असेल, तर दोन्ही शोध रिकामेच जाणार.

खरी रचना आजीच्या मैत्रिणीची. शेवटच्या कडव्यात तिचं नाव आहे, पण ते कुठेच छापलेलं नाही. मुलगी तिथवर पोचणार कशी? कुणी म्हातारी अचानक पुढचं कडवं गाते, हा योगायोग मला नको. कागदावरच एखादी खूण हवी. कडव्याआधी ‘२’ असा आकडा ठेवला, तर वाचकाला ते फार लवकर कळेल का? की पोथीतल्या इतर नोंदींपेक्षा वेगळा, बोलीतला एखादा शब्द पुरेल?